बुद्धिबळ, स्पेलिंग आणि क्विझचे सिनेमे कसे बघायचे: पट समोर, वही हातात, रिमोट जवळ

मी परळला राहतो. गेली दोनेक वर्षं रविवारी दुपारी आमच्या बिल्डिंगमधली सहा-सात पोरं आमच्याकडे सिनेमा बघायला येतात, सगळ्यात लहान नऊ वर्षांचा आणि सगळ्यात मोठी अकरावीला. सगळ्यांना डोक्याच्या स्पर्धांचं वेड, कोणी बुद्धिबळाच्या क्लासला जातं, कोणी शाळेच्या क्विझ टीममध्ये आहे. सुरुवातीला आम्ही नुसते सिनेमे लावायचो आणि बघायचो, पण दोन महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की पोरांना कोण रडलं, कोण जिंकलं एवढंच आठवतंय, डावात नेमकं काय झालं ते कोणालाच सांगता येत नव्हतं, मलाही नाही. मग आम्ही पद्धत बदलली आणि उत्तर पडद्यावर यायच्या आधी थांबायला लागलो. ही पद्धत जमेपर्यंत आमचे बरेच रविवार चुकीचे गेले, तुमचे जाऊ नयेत म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

काय लागेल

एक साधा बुद्धिबळाचा पट, ज्याच्या कडेला a ते h आणि 1 ते 8 छापलेलं असेल तर उत्तम. प्रत्येकाला एक वही आणि पेन. टीव्ही किंवा लॅपटॉप, आणि रिमोट एकाच माणसाच्या हातात, नाहीतर भांडणं होतात. एक मोबाईल, टायमर लावायला. इंग्रजी सबटायटल्स चालू ठेवा, कारण स्पेलिंगच्या सिनेमात शब्द कानाला एक लागतो आणि असतो दुसराच. पण एक लक्षात ठेवा, स्पेलिंगचा शब्द उच्चारला जायच्या क्षणी सबटायटल्स बंद करायचे, नाहीतर स्पेलिंग खालीच लिहून येतं! आम्ही पहिल्या वेळी हे विसरलो आणि सगळी मजा गेली.

१. आधी बरोबर सिनेमा शोधा

ही पायरी सोपी वाटते पण पहिला घोळ इथेच होतो. 'सर्चिंग फॉर बॉबी फिशर' हा १९९३ चा सिनेमा, दिग्दर्शक स्टीव्हन झेलियन. नाव बघून वाटतं बुद्धिबळाचा अमेरिकन विश्वविजेता बॉबी फिशर याच्यावरच असणार, पण तो जॉश वेट्झकिन नावाच्या न्यूयॉर्कच्या लहान मुलावर आहे, त्याच्या वडिलांनी लिहिलेल्या पुस्तकावरून केलेला. फिशर जुन्या चित्रफितींमधून अधूनमधून दिसतो तेवढाच. शिवाय ब्रिटनमध्ये हाच सिनेमा 'इनोसंट मूव्ह्ज' नावानं आला होता, तेव्हा एका नावानं सापडला नाही तर दुसऱ्यानं शोधा.

दुसरा घोळ 'स्पेलबाउंड'चा. आपल्याला हवी ती २००२ ची डॉक्युमेंटरी, अमेरिकेच्या १९९९ च्या राष्ट्रीय स्पेलिंग स्पर्धेत उतरलेल्या आठ मुलांची. याच नावाचा हिचकॉकचा १९४५ चा सिनेमा आहे आणि २०२४ चा एक अ‍ॅनिमेशनपटही आहे, त्यामुळे सर्च केल्यावर पहिला येईल तो लावू नका, साल बघा.

आणि वय बघा. 'क्वीन्स गॅम्बिट' ही २०२० ची सात भागांची सिरीज सगळ्यांना माहिती असते म्हणून मी पहिल्याच रविवारी तीच लावली. पहिल्याच भागात अनाथाश्रमातली लहान मुलगी गोळ्यांच्या आहारी जाते आणि समोर नऊ-दहा वर्षांची पोरं बसलेली, मला मध्येच बंद करावं लागलं आणि पोरं नाराज झाली. पुढे दारूही आहे. सिरीज चांगलीच आहे पण कॉलेजच्या वयाला ठेवा. तसंच 'स्लमडॉग मिलियनेअर'मध्ये मुंबई दिसते, आपल्या ओळखीचे रस्ते दिसतात, म्हणून लहानांना दाखवावासा वाटतो, पण त्यात पोलिसांची मारहाण, दंगल आणि एका मुलाचे डोळे घालवण्याचा प्रसंग आहे. आधी एकट्यानं बघून घ्या आणि मगच ठरवा.

लहानांपासून सुरुवात करायची असेल तर 'क्वीन ऑफ काटवे' (२०१६) लावा. मीरा नायरचा, ज्यांनी आपल्याकडे 'सलाम बॉम्बे' केला होता त्याच. युगांडातल्या काटवे वस्तीतली फिओना मुटेसी बुद्धिबळ शिकते त्याची गोष्ट. त्यात एक चिमुरडी फिओनाला प्यादं पलीकडे पोचलं की वजीर होतं हे समजावते, नियम शिकवायला याच्याइतका छान सीन मला दुसरा मिळालेला नाही. ज्यांना सोंगट्या कशा चालतात एवढंच येतं त्यांच्यासाठी हा पुरे.

२. पट आधी मांडून ठेवा आणि पडद्यावरचा पट तपासा

सिनेमा सुरू करायच्या आधी पट मधोमध ठेवा. मग पहिल्यांदा पडद्यावर पट दिसला की पॉज. एकच प्रश्न विचारायचा: खेळाडूच्या उजव्या हाताला जवळच्या कोपऱ्यात पांढरं घर आहे का? नसेल तर पट आडवा मांडलाय. दुसरं, पांढरा वजीर पांढऱ्या घरात आणि काळा काळ्या घरात आहे का? बऱ्याच सिनेमांत आणि जाहिरातींत यातलं एक तरी चुकलेलं असतं, आणि ते चुकलं असेल तर त्या सिनेमातला डाव मांडून बघण्यात वेळ घालवू नका, गोष्ट म्हणून बघा. दोन्ही बरोबर असेल तर पुढे मांडून बघण्यासारखं काही तरी मिळण्याची शक्यता आहे.

'सर्चिंग फॉर बॉबी फिशर' या परीक्षेला उतरतो, आणि 'क्वीन्स गॅम्बिट'सुद्धा, कारण तिच्यासाठी गॅरी कास्पारोव्ह आणि ब्रूस पॅन्डॉल्फिनी सल्लागार होते. हा पॅन्डॉल्फिनी म्हणजे जॉशचा खऱ्या आयुष्यातला कोच, १९९३ च्या सिनेमात त्याचं काम बेन किंग्जलेनं केलंय. 'क्वीन्स गॅम्बिट'चा शेवटचा डाव १९९३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बील गावी झालेल्या इव्हानचुक विरुद्ध वुल्फ या खऱ्या डावावरून घेतलाय, मध्ये एका ठिकाणी फाटा फोडून. मोठ्या पोरांनी तो मूळ डाव शोधून सिरीजमधला डाव कुठे वेगळा होतो ते काढावं, आमच्या अकरावीवालीनं एक अख्खी संध्याकाळ त्यात घालवली आणि शोधूनही काढलं.

जॉशच्या सिनेमात एक सीन आहे, कोच त्याला डाव दाखवून विचारतो की इतक्या चालींत मात कशी होईल, दिसल्याशिवाय हात लावायचा नाही. पोरगा म्हणतो मला दिसत नाही. तेव्हा कोच हातानं सगळ्या सोंगट्या पटावरून खाली पाडतो, आता रिकाम्या पटाकडे बघ म्हणतो. इथे पॉज करा आणि तुमच्याही पटावर हेच करून बघा, म्हणजे तीन-चार सोंगट्यांची सोपी मात मांडा, एक मिनिट बघू द्या, मग सोंगट्या उचला आणि चाली तोंडी सांगायला लावा. पहिल्यांदा कोणालाच जमत नाही. आमच्याकडचा नऊ वर्षांचा तिसऱ्या रविवारी दोन चालींची मात डोळे मिटून सांगायला लागला.

३. शेवटची शर्यत: इथे किमान अर्धा तास थांबा

या लेखातलं हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून सावकाश वाचा आणि शक्यतो पट घेऊन बसा.

जॉशच्या सिनेमाच्या शेवटी जो डाव आहे त्यात सोंगट्या खटाखट मारल्या जातात आणि उरते प्याद्यांची शर्यत. काळ्याचं प्यादं a पट्टीवरून खाली येतंय, पांढऱ्याचं h पट्टीवरून वर जातंय, दोघांनाही वजीर करायचाय. दोन्ही वजीर जवळपास एकदमच होतात, पण काळ्याचा वजीर a1 वर येताना शह देतो आणि पांढऱ्याचा राजा हलला की त्याच्या मागे उभा असलेला नवा वजीर मारला जातो. सिनेमात हे इतकं पटकन होतं की नुसतं बघून कळत नाही.

आम्ही त्या शर्यतीचा सांगाडा काढला. पांढरा राजा e5 वर, पांढरं प्यादं h4 वर, काळं प्यादं a7 वर, आणि काळा राजा सरावासाठी मी c7 वर ठेवलाय (सिनेमातला काळा राजा कुठे आहे ते तुम्ही पॉज करून बघा). चाल काळ्याची. कॉम्प्युटरवर मांडायचं असेल तर lichess.org/editor उघडा आणि खालची ओळ FEN च्या चौकटीत टाका:

```
8/p1k5/8/4K3/7P/8/8/8 b - - 0 1
```

आता खेळा. काळं प्यादं दोन घरं उडी मारून a5. पांढरं h5. काळं a4. पांढरं h6. काळं a3. पांढरं h7. काळं a2. पांढरं h8, वजीर झाला, पोरं टाळ्या वाजवतात. काळं a1, वजीर आणि शह! आता a1 पासून h8 पर्यंतची तिरकी रेघ बोटानं दाखवा: a1, b2, c3, d4, e5, f6, g7, h8. राजा e5 वर, त्याच्याच मागे h8 वर वजीर. राजाला बाजूला व्हावंच लागतं आणि वजीर जातो. पांढऱ्यानं प्रत्येक चाल बरोबर मोजली होती, फक्त आपला राजा कुठल्या रेघेवर उभा आहे ते बघितलं नाही.

इथपर्यंत सगळे क्लास शिकवतात. पण पुढचा प्रश्न आमच्यातल्या सातवीतल्या एका पोरानं विचारला आणि तो मला फार आवडला: दादा, पांढऱ्यानं प्यादं पळवायच्या ऐवजी राजाच मागे नेला असता तर?

परत मांडा. काळं प्यादं a5 वर आलंय, पांढऱ्याची चाल आहे. बुद्धिबळात यासाठी चौकोनाचा नियम आहे. प्याद्यापासून शेवटच्या घरापर्यंत रेघ काढा, a5 ते a1, म्हणजे पाच घरं. तेवढ्याच लांबीचा चौकोन राजाच्या बाजूला पूर्ण करा: a5, e5, e1, a1. आपली चाल असताना राजा या चौकोनात किंवा त्याच्या कडेवर असेल, किंवा त्या एका चालीत तिथे येऊ शकत असेल, तर तो प्यादं पकडू शकतो. आपला राजा कुठे आहे? e5 वर, बरोब्बर कोपऱ्यावर! म्हणजे अजून वेळ आहे. राजा d4. काळं a4. राजा c3. काळं a3. राजा b3, आणि प्यादं हातात आलं, ते a2 वर गेलं तरी राजा ते मारतो. काळ्याकडे मग नुसता राजा उरतो आणि नुसत्या राजानं कोणाला मात देता येत नाही, म्हणजे पांढरा हरत नाही.

आणि त्याच जागी पांढऱ्यानं h5 केलं तर? काळं प्यादं a4 वर जातं, चौकोन लहान होतो, a4, d4, d1, a1, आणि e5 वरचा राजा बाहेर पडतो, पण लगेच d4 वर आला तर अजून आत येतो. त्याऐवजी पांढऱ्यानं h6 केलं तर काळं a3 वर जातं, चौकोन उरतो a3, c3, c1, a1, आणि राजाला एका चालीत आत येताच येत नाही. दोन चालींत दार बंद. हे पटावर खडूनं किंवा दोऱ्यानं चौकोन आखून दाखवा, लहान पोरांना लगेच कळतं.

इथे दोन ठिकाणी चूक होते. एक म्हणजे चौकोन कुठल्या घरापासून काढायचा. प्यादं a7 वर असतानाच चौकोन काढला तर गडबड होते कारण पहिल्या चालीत ते दोन घरं जाऊ शकतं, त्यामुळे सुरुवातीच्या घरातलं प्यादं एक घर पुढे आहे असं धरून मोजायचं. दुसरं म्हणजे हा नियम प्यादं एकटं पळत असेल तेव्हाचा आहे, त्याच्या मदतीला राजा किंवा दुसरी सोंगटी आली तर नुसता चौकोन पुरत नाही, चाली मोजाव्याच लागतात. म्हणून आता सिनेमा परत लावा, काळ्या राजाची खरी जागा बघा, बाकी सोंगट्या बघा आणि तुमचं उत्तर बदलतं का ते वहीत लिहा.

त्या सीनमध्ये जॉश जिंकणारी चाल करायच्या आधी समोरच्याला ड्रॉ देऊ करतो. स्पर्धेत ड्रॉ विचारायची रीत अशी की आधी आपली चाल करायची, मग विचारायचं, मग घड्याळ दाबायचं. पोरं सिनेमा बघून मध्येच हात पुढे करायला शिकतात आणि खऱ्या स्पर्धेत आर्बिटरची ताकीद खातात, म्हणून हे सांगून ठेवा. आणि खऱ्या आयुष्यात १९८६ चा तो डाव बरोबरीत सुटला होता.

४. स्पेलिंगचा सिनेमा: घंटा वाजायच्या आधी प्रश्न विचारा

आपल्याला मराठीत स्पेलिंगची स्पर्धा म्हटलं की आधी हसू येतं, कारण आपण जसं बोलतो तसं लिहितो, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर बाई लाल पेनानं गोल करतात तेवढंच. इंग्रजीत शब्द ग्रीकमधून आला की लॅटिनमधून यावर स्पेलिंग ठरतं, आणि हे कळलं की हे सिनेमे नुसते पाठांतराचे वाटत नाहीत.

सुरुवात 'अकीला अँड द बी' (२००६) पासून करा. लॉस एंजेलिसची अकरा वर्षांची मुलगी, आणि तिचा शिक्षक झालेला लॉरेन्स फिशबर्न, हाच माणूस जॉशच्या सिनेमात पार्कात फास्ट बुद्धिबळ खेळणारा व्हिनी आहे, पोरं त्याला ओळखतात आणि ओरडतात.

घरचे नियम स्पर्धेसारखेच ठेवा. शब्द ऐकला की स्पर्धक अर्थ विचारू शकतो, शब्दाची जात विचारू शकतो, मूळ भाषा विचारू शकतो, वाक्यात वापरून दाखवा म्हणू शकतो. आणि एकदा उच्चारलेलं अक्षर बदलता येत नाही, पहिल्यापासून परत म्हणता येतं पण अक्षरं तीच हवीत. रिमोटवाल्यानं शब्द आला की पॉज करायचं, दोन मिनिटं द्यायची, पोरांनी हे प्रश्न मोठ्यानं विचारायचे आणि एकानं डिक्शनरी बघून उत्तरं द्यायची. पण लिहायचं नाही आधी, तोंडी. अकीला स्पेलिंग म्हणताना मांडीवर ठेका धरते आणि दोरीवरच्या उड्या मारत पाठ करते, पोरांना हेही करू द्या, त्यानं अक्षरं खरंच सुटत नाहीत.

अंतिम फेरीतला xanthosis हा शब्द घ्या. ऐकायला 'झँथोसिस'. आमच्या सगळ्यांनी z नं सुरुवात केली. मग एकीनं विचारलं मूळ भाषा कुठली. ग्रीक. ग्रीकमधून आलेल्या शब्दाच्या सुरुवातीला 'झ' ऐकू आला तर तिथे x असू शकतो, जसा xylophone मध्ये असतो, शाळेत सगळ्यांनी A पासून Z पर्यंतच्या तक्त्यावर बघितलेलाच शब्द. अर्थ विचारला तर पिवळेपणा असलेली अवस्था, आणि अवस्थेसाठी ग्रीक शेवट -osis. मधला 'थ' म्हणजे th. जोडलं की शब्द तयार, कोणीही तो पाठ केलेला नव्हता.

मग pulchritude, म्हणजे सौंदर्य. इथे उलटा सापळा आहे. उच्चार 'पल्क्रिट्यूड', मध्ये 'क' ऐकू येतो. chaos, chorus वरून आपण शिकलोय की ch म्हणजे क असेल तर शब्द ग्रीक, पण हा लॅटिन आहे! लॅटिन म्हटल्यावर आमच्या पोरांनी c लिहिला आणि चुकले. म्हणजे मूळ भाषा विचारणं उपयोगी आहे पण त्यानं फक्त शक्यता कमी होतात, खात्री होत नाही, आणि असे अपवाद वहीच्या मागच्या पानावर वेगळे लिहायचे.

यानंतर 'स्पेलबाउंड'. त्यात भारतीय वंशाचा एक मुलगा आहे, घरात प्रचंड तयारी, आणि तो नेमका Darjeeling वर अडतो. आपल्या चहाच्या पुड्यावरचा शब्द. आमच्या पोरांना आधी आश्चर्य वाटलं, मग मी म्हटलं पॉज, आता तुम्ही इंग्रजीत म्हणा, आणि सातातल्या तिघांनी एकच e म्हटला. शब्दाचा अर्थ घरात असणं वेगळं आणि त्याची इंग्रजी अक्षरं डोळ्यासमोर असणं वेगळं. त्या वर्षी नुपूर लाला ज्या शब्दावर जिंकली तो logorrhea, म्हणजे सतत बडबड. इथेही तोडून बघा: logo म्हणजे शब्द, आणि rrhea म्हणजे वाहणं, जो diarrhea मध्ये असतो. पोरं खूप हसली पण rrh कोणी विसरलं नाही.

'स्पेलिंग द ड्रीम' (२०२०) त्यानंतर कधीतरी बघा, भारतीय वंशाची मुलं ही स्पर्धा इतकी का जिंकतात याच्यावर आहे, १९८५ मध्ये बालू नटराजन milieu या शब्दावर जिंकला तिथपासून. पॉज करण्यासारखं त्यात कमी आहे.

५. क्विझ: उत्तर नाही, कारण लिहा

क्विझच्या सिनेमात पर्याय आले की पॉज करा आणि वहीत दोन गोष्टी लिहायला लावा, उत्तर आणि ते का वाटतं. 'का' लिहिलं नाही तर मार्क नाही. हा नियम न ठेवता आम्ही दोनदा खेळलो आणि नुसता तुक्क्यांचा बाजार झाला.

मोठ्या पोरांबरोबर 'स्लमडॉग मिलियनेअर' (२००८) बघत असाल तर क्रिकेटच्या प्रश्नावर थांबा. फर्स्ट क्लास क्रिकेटमध्ये सगळ्यात जास्त शतकं कोणाची: सचिन तेंडुलकर, रिकी पाँटिंग, मायकेल स्लेटर की जॅक हॉब्ज? मुंबईची पोरं आहेत, सगळ्यांनी सचिन लिहिलं. आता प्रश्न परत वाचा. फर्स्ट क्लास म्हणजे कसोटी, रणजीसारखे कित्येक दिवस चालणारे सामने, वनडे यात येत नाहीत. सचिन असे ३१० सामने खेळला आणि त्यात त्याची ८१ शतकं. हॉब्ज १९०५ ते १९३४ खेळला, तेव्हा वनडे नव्हतं, इंग्लंडमध्ये उन्हाळाभर कौंटी सामने, त्याचे सामने झाले ८३४. मग शतकं कोणाची जास्त असणार? कोणी त्याची १९७ मोजतं, कोणी १९९. म्हणजे आकडा माहिती नसला तरी 'कोण जास्त सामने खेळला असेल' एवढ्यावरून उत्तर काढता येतं. सिनेमातला जमाल मात्र वेगळ्याच रस्त्यानं जातो, सूत्रसंचालकानं बाथरूमच्या आरशावर B लिहून दिलेलं असतं, म्हणजे पाँटिंग, फिफ्टी-फिफ्टी घेतल्यावरही B शिल्लक राहतो, आणि तो त्या माणसावर विश्वास ठेवत नाही. त्याला क्रिकेट माहिती नाही, माणूस माहिती आहे.

आणि याच सिनेमात एक उत्तर चुकलेलं आहे! 'दर्शन दो घनश्याम' कोणी लिहिलं याचं बरोबर उत्तर सूरदास धरलंय. ते गाणं १९५७ च्या 'नरसी भगत' सिनेमातलं आणि लिहिलंय गोपाल सिंग नेपाळी यांनी. पडद्यावर हिरवं झालं म्हणून वहीत उतरवू नका, क्विझमध्ये हे उत्तर देऊन मार्क गेले तर तक्रार करून उपयोग नाही.

दहावीच्या पुढच्यांसाठी 'क्विझ शो' (१९९४), रॉबर्ट रेडफर्डचा. पन्नासच्या दशकातल्या 'ट्वेंटी-वन' या अमेरिकन टीव्ही क्विझमध्ये उत्तरं आधीच ठरवून दिली जायची त्याची खरी गोष्ट. हर्ब स्टेम्पलला सांगितलं जातं की या प्रश्नावर तू हरायचंस: १९५५ साठी सर्वोत्तम चित्रपटाचं ऑस्कर कोणाला? खरं उत्तर 'मार्टी', त्याला ते पक्कं माहिती असतं, पण तो 'ऑन द वॉटरफ्रंट' म्हणतो. पॉज करा आणि विचारा की हेच चुकीचं उत्तर लोकांना खरं का वाटेल. कारण 'ऑन द वॉटरफ्रंट' १९५४ चा सिनेमा, त्याला ऑस्कर मिळालं १९५५ मध्ये झालेल्या समारंभात. सिनेमाचं साल आणि समारंभाचं साल यात एका वर्षाचा फरक असतो, आणि आजही ऑस्करच्या प्रश्नावर टीमा इथेच पडतात. प्रश्नात 'साठी' आहे की 'मध्ये' ते ऐकायची सवय आमच्या पोरांना या एका सीननं लागली.

६. बघून झाल्यावर एक गोष्ट तपासा

दर सिनेमानंतर एकच दावा निवडा आणि आठवड्यात शोधून आणा. जास्त नको, कंटाळा येतो. 'क्वीन्स गॅम्बिट'च्या शेवटच्या भागात म्हटलंय की जॉर्जियाची महिला विश्वविजेती नोना गाप्रिंदाश्विली कधी पुरुषांशी खेळली नाही. हे खोटं आहे, ती बऱ्याच पुरुष खेळाडूंशी खेळलेली होती, तिनं २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर दावा लावला आणि २०२२ मध्ये तडजोड झाली.

हे शोधता शोधता आमच्या अकरावीवालीला रोहिणी खाडिलकर सापडली. मुंबईचीच, जन्म १९६३ चा, आणि १९७६ मध्ये ती राष्ट्रीय पुरुष बुद्धिबळ स्पर्धेत खेळली, असं करणारी पहिली भारतीय महिला. त्यावरून मोठा वाद झाला आणि जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूव्ह यांनी बायकांना अशा स्पर्धांतून अडवता येणार नाही असा निर्णय दिला. तिच्या बहिणी वासंती आणि जयश्रीही राष्ट्रीय पातळीवरच्या खेळाडू. पोरीनं हे वाचून दाखवलं तेव्हा तिच्या आवाजात जे होतं ते सिरीजच्या सात भागांत कधी दिसलं नव्हतं. रोहिणीवर कोणीतरी सिनेमा करायला हवा, मनापासून वाटतं.

७. दुसऱ्यांदा न थांबता बघा

पॉज करत बघितलेला सिनेमा तुकडे तुकडे होतो, दोन तासांचा सिनेमा साडेतीन तास चालतो, त्यामुळे पहिल्यांदा बघताना फार तर चार ठिकाणी थांबा. आधी एकट्यानं बघून त्या चार जागांची वेळ कागदावर लिहून ठेवा, जसं एक तास बारा मिनिटं, म्हणजे शोधत बसावं लागत नाही. मग पंधरा दिवसांनी तोच सिनेमा अखंड लावा, पट कपाटात, वह्या बंद. जॉशचा शेवटचा डाव आला आणि पांढरं प्यादं पुढे सरकलं तेव्हा आमच्याकडचा नऊ वर्षांचा खुर्चीवरून उठून टीव्हीला म्हणाला, अरे राजा मागे घे ना.